डिंक आणि डाग

वांगं चिरून पाण्यात टाकायला विसरलं की पाच मिनिटांत ते तपकिरी पडतं. केळफूल सोलताना तर हातही काळे होतात. म्हणून घरोघरी वांगं पाण्यात पडतं, केळफूल ताकात पडतं आणि हाताला तेल लागतं. आंब्याच्या पानातून डीएनए काढायचा म्हटलं की नेमकी हीच लढाई प्रयोगशाळेतल्या खलबत्त्यात लढावी लागते. फरक एवढाच, की काळ्या पडलेल्या वांग्याची भाजी खाता येते. काळ्या पडलेल्या डीएनएचं मात्र काहीच करता येत नाही.

आंब्याच्या पानाशी माझी गाठ पडली ती कलमांमुळे. हापूस म्हणून विकत घेतलेलं कलम खरोखर हापूसचं आहे का, हे फळ धरेपर्यंत बागायतदाराला कळत नाही, आणि तोवर चार-पाच वर्षं गेलेली असतात. पानातल्या डीएनएच्या काही ठरावीक जागा तपासल्या तर हे आधीच सांगता येतं. वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली ‘रत्ना’ही अशा तपासणीत आपले आई-बाप बिनबोभाट दाखवते. पण हे सगळं पुढचं. आधी डीएनए हातात यायला हवा, आणि आंबा तो सहजी देत नाही.

शाळेच्या प्रदर्शनात मुलं केळं किंवा स्ट्रॉबेरी कुस्करतात, त्यात मीठ आणि भांड्यांचा साबण घालतात, वरून थंड अल्कोहोल ओततात आणि काडीला गुंडाळलेला पांढरा चिकट धागा ‘हा बघा डीएनए’ म्हणून दाखवतात. प्रयोग छानच आहे. पण त्या धाग्यात डीएनएपेक्षा पेक्टिन बरंच जास्त असतं, म्हणजे जॅम घट्ट करणारा तोच पदार्थ. अल्कोहोलात डीएनए जसा साक्यासारखा बाहेर येतो, तसंच पेक्टिनही येतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. वनस्पतीच्या डीएनएची पहिली अडचण इथेच आहे. साखरेच्या लांबच लांब साखळ्या, म्हणजे पॉलिसॅकराइड, डीएनएसारख्याच वागतात. पाण्यात विरघळतात, अल्कोहोलात गोळा होतात आणि नळीच्या तळाशी डीएनएला मिठी मारून बसतात. मी त्यांना सरळ ‘डिंक’ म्हणते.

दुसरी अडचण म्हणजे पॉलिफेनॉल, वांग्याचा तो डाग. अखंड पेशीत पॉलिफेनॉल आणि त्यांच्यावर काम करणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडलेले असतात. पान चिरडलं की भिंती मोडतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पॉलिफेनॉलचं क्विनोन होतं. हे क्विनोन अतिशय लोचट. ते डीएनएला आणि प्रथिनांना रासायनिक बंधानेच चिकटतं. डिंक निदान नंतर धुता येतो. डाग एकदा लागला की निघत नाही. म्हणून डिंकाशी भांडायला पुढे वेळ असतो, डागाशी मात्र पहिल्या मिनिटातच भांडावं लागतं.

आंब्यात हे दोन्ही भरपूर. काजू आणि बिब्बा हे आंब्याचे भाऊबंद आहेत, एवढं सांगितलं तरी कोकणातल्या वाचकाला त्या कुळाच्या चिकाची कल्पना येईल. त्यात जून पान घेतलं तर ते चामड्यासारखं चिवट, पेशी जाड भिंतींच्या आणि टॅनिन ठासून भरलेलं.

माझं पहिलं पान असंच जून होतं. एका बागायतदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रात्रीच्या एसटीने पाठवलं होतं. पिशवीला आतून घाम आला होता आणि पानांच्या कडा काळवंडल्या होत्या. तेव्हा मी नवी होते. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं म्हणजे झालं, असं वाटायचं.

पुस्तकात लिहिलेली रीत जगभर ‘सीटॅब’ या नावाने ओळखली जाते. सीटॅब म्हणजे सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड. नाव बाजूला ठेवलं तर हा एक साबणच आहे, फक्त त्याच्या रेणूचं डोकं धनभारित असतं. १९८० मध्ये मरे आणि थॉम्पसन यांनी वनस्पतींच्या डीएनएसाठी तो वापरला. मग १९८७ मध्ये डॉइल दांपत्याने थोड्याशा ताज्या पानांसाठी त्याची सुटसुटीत रीत एका छोट्याशा पत्रिकेत छापली. आज कुठल्याही वनस्पती-प्रयोगशाळेत भिंतीवर चिकटवलेला कळकट कागद पाहिलात तर बहुधा त्याच रीतीची कुठलीतरी नातवंडं त्यावर असतील.

बफरमध्ये २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, आम्लता ८ वर धरून ठेवणारं ट्रिस आणि थोडं ईडीटीए असतं. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं, त्यामुळे डीएनए कुरतडणारी विकरं उपाशी राहतात. खरी खुबी मिठात आहे. मीठ कमी असेल तर धनभारित सीटॅब ऋणभारित डीएनएलाच पकडून खाली बसतो. मीठ ०.७ मोलरच्या वर गेलं की ही पकड सुटते आणि डीएनए पाण्यात मोकळा राहतो. प्रथिनं आणि बराचसा डिंक मात्र सीटॅबच्या तावडीत राहतात. म्हणजे मिठाचं माप चुकलं तर आपणच आपला डीएनए केरात टाकतो.

या बफरमध्ये ऐनवेळी दोन गोष्टी घालायच्या असतात. एक पीव्हीपी, म्हणजे पॉलिव्हिनिलपायरोलिडोन. पॉलिफेनॉल त्याला हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि डीएनएला सोडतात. दुसरं बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल. हे पॉलिफेनॉलचं क्विनोन होऊच देत नाही, आणि त्याचा वास तुंबलेल्या गटारासारखा येतो. ते धुराड्याच्या कपाटातच उघडायचं, त्यापुढे येणारं क्लोरोफॉर्मही तिथेच. मर्कॅप्टोइथॅनॉल हवेत स्वतःच खराब होतं, म्हणून ते दर वेळी ताजं घालायचं. मी पहिल्या वेळी वापरलेला बफर दोन आठवड्यांपूर्वी सगळं घालून ठेवलेला होता. वास येत होता, म्हणून ते काम करत असेल असं मी गृहीत धरलं.

खलबत्त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून पान काचेसारखं कडक करतात आणि कुटतात. भुकटी पिठासारखी फिकट हिरवी हवी. ती बफरमध्ये पडण्याआधी वितळता कामा नये, कारण वितळण्याच्या त्या काही सेकंदांत कप्पे फुटलेले असतात आणि संरक्षण पोचलेलं नसतं. माझा नायट्रोजन अर्ध्यात संपला. भुकटी डोळ्यांदेखत हिरवीची खाकी झाली. तरी मी पुढे गेले. ६५ अंशांच्या पाण्यात पाऊण तास ठेवलं, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलचं २४ ला १ मिश्रण घालून नळी हलवली आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली.

नळी बाहेर काढल्यावर तीन थर दिसतात. तळाला क्लोरोफॉर्म, पानातला हिरवा रंग आणि स्निग्ध पदार्थ. वर पाणी आणि त्यात डीएनए. मध्ये सायीसारखा पापुद्रा, त्यात फाटलेली प्रथिनं आणि सीटॅबने धरलेला डिंक. वरचं पाणी पिपेटने उचलताना सायीला धक्का लावायचा नाही. शेवटचे शंभरेक मायक्रोलिटर सरळ सोडून द्यायचे. हाव इथेच नडते. माझं वरचं पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि मी ते शेवटच्या थेंबापर्यंत उचललं.

अल्कोहोल घातल्यावर तळाशी जे बसलं ते भिजवलेल्या सब्जाच्या गोळ्यासारखं होतं, अर्धपारदर्शक, बुळबुळीत, तपकिरी झाक असलेलं. सब्जाचा तो बुळबुळीतपणाही पॉलिसॅकराइडचाच, तेव्हा उपमा आयतीच मिळाली. चांगला डीएनए पांढऱ्या, बारीक, तंतुमय गुंत्यासारखा दिसतो. पण मी गोळा मोठा दिसला म्हणून खूश झाले होते.

मग मोजणी. यंत्रात एक-दोन मायक्रोलिटर थेंब टाकला की ते त्यातून अतिनील प्रकाश पाठवतं आणि किती शोषला गेला ते सांगतं. डीएनएतले बेस २६० नॅनोमीटरला सर्वाधिक शोषतात. प्रथिनांतली टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं २८० च्या आसपास शोषतात. २३० ला बरीच अवांतर मंडळी भेटतात, फेनॉल, उरलेली रसायनं, डिंकाची शेपटी. शुद्ध डीएनएत २६० चं शोषण २८० च्या साधारण १.८ पट आणि २३० च्या दोन ते सव्वादोन पट असतं. एक सेंटिमीटर वाटेला २६० चं शोषण १ असेल तर डीएनए दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम असतो.

माझ्या त्या तपकिरी नळीचे आकडे साधारण असे होते. २३० ला ८.३, २६० ला ६.२, २८० ला ४.१ आणि ३२० ला ०.६. यंत्राने ६.२ ला ५० ने गुणून सांगितलं, ३१० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. भरघोस पीक! पण डीएनए ३२० ला जवळजवळ काहीच शोषत नाही. तिथे आकडा दिसला म्हणजे द्रव गढूळ आहे किंवा त्यात दुसरं काहीतरी आहे. ते ०.६ सगळीकडून वजा केलं तर २६०/२८० चं गुणोत्तर १.६ आणि २६०/२३० चं ०.७३ येतं. त्याच नळीतला थेंब फ्लुओरोमीटरवर मोजला. त्यात फक्त दुपदरी डीएनएत शिरल्यावरच चमकणारा रंग वापरतात. तिथे उत्तर आलं ३८. म्हणजे ३१० तल्या आठ भागांत सात भाग भलतंच काहीतरी.

हे भलतं कोण? आंब्यात मँजिफेरिन नावाचं एक पॉलिफेनॉल असतं, नावच आंब्याच्या शास्त्रीय नावावरून आलेलं. ते अनेक ठिकाणी प्रकाश शोषतं, ३१८ आणि ३६५ च्या आसपास, २४० ला, आणि गंमत म्हणजे २५८ च्या आसपासही. म्हणजे डीएनएच्या खुर्चीतच बसतं. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही, ते फक्त खुर्ची भरली आहे का एवढंच पाहतं. म्हणूनच आंब्याच्या बाबतीत ३२० चा आकडा केवळ गढूळपणा म्हणून वजा करून पुढे जाणं भोळेपणाचं आहे. पूर्ण आलेख पाहावा. चांगल्या डीएनएचा आलेख २३० ला खोल दरीत उतरतो, २६० ला डोंगर चढतो आणि ३०० च्या पुढे सपाट होतो. माझा आलेख २३० च्या बाजूने घाटासारखा घसरत आला होता आणि ३२० नंतर त्याला पुन्हा एक उंचवटा होता.

आता त्या सुप्रसिद्ध १.८ बद्दल. बहुतेक विद्यार्थी हा एकच आकडा पाहतात आणि वहीत बरोबरची खूण करतात. हे गुणोत्तर १९४२ मध्ये वॉरबुर्ग आणि ख्रिश्चियन यांनी वापरात आणलं, पण उलट्या कामासाठी. त्यांच्याकडे प्रथिन होतं आणि त्यात न्यूक्लिइक आम्लाची भेसळ किती, ते त्यांना पाहायचं होतं. त्या कामाला ते उत्तम आहे, कारण वजनाला वजन धरलं तर न्यूक्लिइक आम्ल प्रथिनाच्या कितीतरी पट शोषतं. उलट बाजूने तेच गुणोत्तर आंधळं ठरतं. हिशेब करून पाहा. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम शुद्ध डीएनए असेल तर २६० ला शोषण २० आणि २८० ला ११.१ येतं. त्यात १ मिलिग्रॅम प्रथिन मिसळा. बऱ्याच प्रथिनांचं शोषण २८० ला १ आणि २६० ला साधारण ०.६ असतं. आता वर २०.६, खाली १२.१, गुणोत्तर १.७. म्हणजे निम्मं प्रथिन असूनही आकडा एका दशांशाने खाली आला!

डिंकाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. निव्वळ साखरेच्या साखळ्या २६० किंवा २८० ला जवळजवळ शोषतच नाहीत, त्यांचं शोषण २३० च्याही खाली असतं. त्यामुळे १.८ झळकत असतानाही नळीत डिंक असू शकतो, आणि तो फारच शुद्ध असेल तर २३० चा आकडाही त्याची पुरती चाहाडी करत नाही. तो ओळखायचा पिपेटच्या टोकाशी. थेंब सुटताना मागे तार येते, आणि जेलच्या खाचेत नमुना नीट बुडत नाही. यंत्राआधी मी आता तीच तार पाहते.

गुणोत्तर चांगलं दिसण्याचीही भलती कारणं असतात. आरएनए उरला तर २६०/२८० दोनकडे सरकतं आणि माणूस उगाच सुखावतो. नमुना ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये विरघळवून यंत्राला शून्य मात्र साध्या पाण्यावर शिकवलं तर ईडीटीए २३० ला शोषून दुसरं गुणोत्तर पाडतं, आणि आपण निष्पाप डीएनए पुन्हा धुवायला घेतो. शून्य नेहमी त्याच द्रवावर लावायचं, ज्यात नमुना आहे. आणि डीएनए तुकडे-तुकडे झालेला असला तरी दोन्ही गुणोत्तरं अगदी निर्दोष येतात. तुटलेपण फक्त जेलवर दिसतं. अखंड डीएनए वरच्या बाजूला एक घट्ट पट्टी होऊन थांबतो, तुटलेला खालपर्यंत धुरासारखा पसरतो.

माझ्या नळीची पीसीआरमध्ये अर्थातच एकही पट्टी आली नाही. तिथल्या वरिष्ठ बाईंनी नळी उजेडात धरली, रंग पाहिला आणि म्हणाल्या, “दहा पट पातळ करून परत लाव.” लावलं, आणि अंधुक पट्टी आली. डीएनए कमी केल्यावर काम झालं, म्हणजे अडचण डीएनएच्या कमतरतेची नव्हती, सोबतच्या अडथळ्याची होती. डिंक आणि फेनॉल दोन्ही पीसीआरच्या विकराला अडवतात. पातळ केल्याने ते मर्यादेखाली गेले. ही तपासणी कुठल्याही यंत्राशिवाय होते आणि मला ती गुणोत्तरांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

“पान बदल, आणि आधी धू,” त्या पुढे म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी पालवीतली कोवळी, तांब्याच्या रंगाची पानं मागवली, तीही ओल न धरता, सिलिका जेलच्या दाण्यांत पुरून. कोवळं पान मऊ असतं, ते झटकन बारीक होतं आणि तेवढ्याच वजनात त्यात पेशी जास्त असतात. म्हणजे डीएनएही जास्त. शंभर मिलिग्रॅम ताज्या पानाऐवजी वीस मिलिग्रॅम सुकं घेतलं, कारण वाळलेल्या पानातलं पाणी गेलेलं असतं. जास्त पान म्हणजे जास्त डीएनए, हा हिशेब इथे उलटा पडतो. बफरची ताकद तेवढीच राहते आणि डिंक वाढतो.

‘आधी धू’ म्हणजे सॉर्बिटॉलची आंघोळ. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असतं तेच हे सॉर्बिटॉल. ०.३५ मोलर द्रावण, त्यात पीव्हीपी आणि ताजं मर्कॅप्टोइथॅनॉल. यात साबण नसतो, म्हणून पेशीकेंद्राचं आवरण विरघळत नाही, आणि सॉर्बिटॉलमुळे केंद्रं पाणी पिऊन फुगून फुटत नाहीत. डिंक आणि फेनॉल मात्र द्रवात उतरतात. फिरवायचं, वरचं ओतून द्यायचं. पहिलं पाणी भेंडीच्या भाजीच्या तारेसारखं आणि काळसर निघालं, दुसरं फिकट, तिसरं जवळजवळ स्वच्छ. थोडा डीएनए या धुण्यात जातो. जाऊ द्यावा. उरलेल्या गाळावर मग सीटॅब घातलं, सर्व घटक त्याच सकाळी मिसळून, आणि क्लोरोफॉर्म एकदाऐवजी दोनदा.

तरीही पहिल्या गोळ्यात किंचित बुळबुळीतपणा होता. तो १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवला, आरएनए खाणारं विकर घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवला, मग ५० मायक्रोलिटर ५ मोलर मीठ घातलं आणि त्यावर दुप्पट थंड अल्कोहोल. इतक्या मिठात डीएनए बाहेर पडतो, पण बराचसा डिंक विरघळलेलाच राहतो आणि वरच्या द्रवाबरोबर निघून जातो. शेवटी ७० टक्के अल्कोहोलने मीठ धुतलं आणि गोळा जेमतेम वाळवला. अगदी खडखडीत वाळवला तर तो विरघळायला रात्र लावतो.

या वेळी तळाशी गोळा असा दिसलाच नाही, नळीच्या कडेला फक्त पांढरट पुसटशी रेघ होती. जरा निराशाच झाली. ५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवून मोजलं. २३० ला ०.९०, २६० ला १.९०, २८० ला १.०३, ३२० ला शून्य. गुणोत्तरं १.८४ आणि २.१. यंत्र म्हणालं ९५ नॅनोग्रॅम, फ्लुओरोमीटर म्हणालं ८१. आधीच्या ३१० पेक्षा तिपटीने कमी ‘डीएनए’, आणि खरा डीएनए दुपटीहून जास्त. सगळ्या नळीत मिळून चार मायक्रोग्रॅम. एका पीसीआरला पंचवीस-तीस नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे एका कलमाच्या शंभराहून जास्त तपासण्या.

पट्ट्या आल्या, पातळ न करता. त्यानंतर त्याच बागायतदाराचा फोन आला, आणखी चाळीस झाडांची पानं पाठवू का म्हणून. मी म्हटलं, “काका, आत्ता नको. पालवी फुटली की पाठवा. आणि पिशवीत घालू नका, मी दाणे पाठवते.”